घरच्यांनी सांगितलेली आजारपणं तीन पिढ्यांच्या तक्त्यात कशी बसवायची?

सायली_कोपरखैरणे

माझ्या मोठ्या बहिणीला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा. उपचार सुरू आहेत. टाटा हॉस्पिटलच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जेनेटिक काउन्सेलिंगसाठी जायचंय आणि दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती वयांसकट लिहून आणायला सांगितलीय. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. बाबा माथाडीत होते, वाशी मार्केटला आयुष्य गेलं. कागद म्हणावे तर घरात काहीच नाहीत.

रविवारी कळव्याला आत्याकडे बसून ती बोलली तसं लिहून घेतलं. ते इथे देते:

"आमच्या आईला पिशवीचा कॅन्सर. पोट नगाऱ्यासारखं झालेलं. कोयनेचा भूकंप झाला त्या साली गेली. थोरल्या अक्काच्या छातीत गाठ, टाटाला आणलेली, तिचा थोरला पोरगा तेव्हा दहावीला होता. दोन वर्षांत गेली. दादा काविळीनं गेला. लोक दारू म्हणतात, पण गळ्यात माळ होती त्याच्या, थेंबाला शिवला नाही. वहिनीला घशाचा, मिश्रीमुळं. सुमनला पण छातीचा झाला, ती बरी आहे. मला काही नाही, माझी पिशवी काढलीय. तुझ्या बाबाचं लघवीचं ऑपरेशन झालं तेवढंच."

आईकडे मामाला हार्ट अटॅक, मावशीला शुगर. कॅन्सर कोणालाच नाही म्हणतात.

आता याचा तक्ता करायचा कसा? आजीचं वय कुणालाच माहीत नाही. "पिशवीचा कॅन्सर" म्हणजे नेमकं काय लिहू?

गणेश_बेलापूर

वंशावळ हवी असेल तर आधी गावच्या तलाठ्याकडून वारस फेरफार काढा, शाळा सोडल्याचे दाखले जोडा आणि साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र करा. आम्ही जातीच्या दाखल्यासाठी तसंच केलं. पणजोबांपर्यंत सगळं मिळालं.

वैशाली डोंबिवली

सायली, काळजी करू नकोस. स्तनाचा कॅन्सर घराण्यात असणं तसं कमीच, शंभरात पाच-दहा जणींनाच तो वारशाने येतो. आणि तो बघायचा आई, मावशी, आईची आई यांच्याकडून. तुझ्या आईकडे तर काही नाही. आत्या आणि वडिलांकडची आजी तशी लांबचीच झाली. डॉक्टर विचारतात म्हणून लिहायचं एवढंच.

नीलाताई_ठाणे

मी बरीच वर्षं एका कॅन्सर रुग्णालयात याच कामाला होते. पेशंट आत जायच्या आधी बाहेर बसून कुटुंबाची माहिती लिहून घ्यायची. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी वैशाली यांच्याबद्दल. पाच ते दहा टक्के हा आकडा बरोबर आहे. पण "आईकडूनच" हे बरोबर नाही. ज्यांच्यात बिघाड असला की असा कॅन्सर वारशाने येतो ती बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही जनुकं सतराव्या आणि तेराव्या गुणसूत्रावर असतात, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. बिघाड बापाकडे असला तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाप स्वतः ठणठणीत राहू शकतो, म्हणून ती बाजू दिसत नाही. सायलीच्या घरात आजी, तिची थोरली मुलगी, कदाचित काविळीने गेलेला मुलगा आणि नात अशी रांग वडिलांच्याच बाजूला दिसतेय. आत्या लांबची नाही. मावशी जितकी जवळची तितकीच आत्या.

गणेश यांचा कागद वेगळ्या कामाचा, पण अगदी टाकाऊ नाही. दाखल्यातले जन्मसाल उपयोगी पडतं. फक्त दोन गोष्टी बघा. वंशावळीत बरेचदा मुलींची नावंच नसतात, आणि आपल्याला तर त्याच हव्यात. दुसरं, जुन्या दाखल्यांवर जन्मतारीख १ जून असली तर ती गुरुजींनी टाकलेली असू शकते. सालाच्या आधी "अंदाजे" लिहा.

आता "पिशवीचा कॅन्सर". सायली, तू अगदी मोक्याच्या जागी थांबलीस. आपल्याकडे गर्भाशयाचं तोंड, गर्भाशय आणि अंडाशय या तिन्हींना बायका पिशवीच म्हणतात. आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक एचपीव्ही विषाणूने होतो, तो या रांगेत बसत नाही. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा असेल तर काउन्सेलर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चौकशी करतील, कारण ते दोन्ही एकाच वेगळ्या वारशात येतात. अंडाशयाचा असेल तर तो थेट बीआरसीएकडे बोट दाखवतो, कितव्याही वर्षी झालेला असो.

म्हणून आत्याला "कुठला कॅन्सर" असं विचारून उपयोग नाही, आजीला काय होत होतं ते विचार. अंगावरून लाल, घाण वास येणारं जात होतं का? रेडिएशनचा शेक दिला होता का? तसं असेल तर गर्भाशयाच्या तोंडाचा असण्याकडे कल जातो. की अंगावरून काही नव्हतं, नुसतं पोट फुगत गेलं, जेवण जाईना, सुई घालून पाणी काढलं? मग अंडाशयाची शंका येते. शंकाच हं. पोटात पाणी टीबीनेही होतं, लिव्हरनेही होतं.

आणि तक्त्यात स्वतःहून "अंडाशय" लिहू नकोस. आत्याचे शब्द अवतरणात तसेच ठेव, पुढे लक्षणं लिही. एकदा तू "अंडाशय" लिहिलंस की पुढचा वाचणारा तो रिपोर्ट समजतो आणि त्यावर हिशेब मांडतो.

शिरीष_घोडबंदर

एक्सेलमध्येच करा. प्रत्येक माणसाला एक क्रमांक आणि दोन रकाने जास्तीचे, वडिलांचा क्रमांक आणि आईचा क्रमांक. "आजी", "काका" हे शब्द नात्यासाठी ठेवा, पण जोडणी क्रमांकांनी करा. त्यावरून कोणीही वंशवृक्ष काढू शकतो. मी रंग, फिल्टर वगैरे लावून नमुना पाठवू शकतो. गूगल शीट करून चुलत-आते भावंडांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलंत तर दोन दिवसांत भरेल.

नीलाताई_ठाणे

आई-वडिलांचा क्रमांक ही सूचना फार चांगली, सायली तसंच कर. "काका" म्हटलं की सख्खा, चुलत, बाबांचा मित्र, सगळेच येतात. आई-वडिलांचा क्रमांक लिहायला लागला की ते आपोआप सुटतं. वहिनी, म्हणजे तुझी काकू, रक्ताची नाही, तिचा घशाचा कॅन्सर तुमच्या बाजूला मोजायचा नाही. पण तिची ओळ काढू नकोस, ती चुलत भावंडांची आई आहे. रंग नकोत.

ग्रुपवर टाकायचं मात्र मला पटत नाही. त्यावर नंतर बोलू.

पंढरी_कळवा

आमच्या घरी सगळ्यांना शुगर आणि बीपी. वडील, दोन काका, मी. आम्ही पण असा तक्ता करून जीनची टेस्ट करावी का?

नीलाताई_ठाणे

पंढरीदादा, नेहमीच्या शुगर-बीपीत एकच जनुक बिघडलेलं नसतं. खाणं, वजन आणि अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. तुमच्या फिजिशियनला घरची माहिती जरूर सांगा. पण कोणाला पंचविशीच्या आत, अंगाने सडपातळ असताना शुगर निघाली असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच होत असेल, तर ते वेगळं विचारा.

सायली_कोपरखैरणे

आत्याला फोन केला. आजीच्या अंगावरून काही जात नव्हतं, शेक दिला नाही. कराडला नेऊन दोनदा पाणी काढलं. सारखा खोकला किंवा ताप होता का विचारलं, नाही म्हणाली.

वयाचं कसं करू? आणि ताई ट्रिपल निगेटिव्ह असल्यामुळे तिची टेस्ट तशीही होणारच आहे असं डॉक्टर म्हणाले. मग या जुन्या गोष्टींचा खरंच उपयोग आहे का? बाबा विचारतायत.

नीलाताई_ठाणे

बाबांचा प्रश्न रास्त आहे. ताईची टेस्ट तिच्या स्वतःच्या आजारावरच होईल, खरं. पण टेस्टचं उत्तर "आहे" किंवा "नाही" एवढंच येत नाही. कधीकधी असा बदल सापडतो ज्याचा अर्थ अजून ठरलेला नसतो. त्याचा अर्थ लावताना घरात कोणाला, कितव्या वर्षी, काय झालं हे बघतात. टेस्ट निगेटिव्ह आली आणि घरात मात्र तीन कॅन्सर तरुण वयात, तर काउन्सेलर तेवढ्यावर थांबत नाहीत, आणखी जनुकं किंवा वेगळ्या पद्धतीची तपासणी सुचवू शकतात. आणि बिघाड सापडलाच तर पुढे कोणाकोणाला बोलवायचं तेही तक्त्यावरूनच ठरतं. तेव्हा तुझी तपासणी फक्त त्या एकाच बदलापुरती होईल.

आता वय. आपल्या जुन्या माणसांना साल सांगता येत नाही, प्रसंग सांगता येतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. तेव्हा बाबा कितवीत होते, आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं मूल किती वर्षांनी, हे विचार. थोरल्या आत्यासाठी तिच्या मुलाचं दहावीचं सर्टिफिकेट बघ, त्यावर साल छापलेलं आहे. बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, कोणाचं लग्न, कोणाची बदली, असल्या दोन खुणांच्या मधे माणूस सापडतो. मिळालेलं वय एका आकड्यात लिहू नकोस, "३८ ते ४०" असं लिही. "तरुणपणी" हा शब्द मात्र नको. ७०व्या वर्षीच्या माणसाला ५५ म्हणजे तरुणपणच वाटतं.

आत्याची टाटाची फाइल शोधायची असेल तर एक अडचण येईल. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतंच, काही घरांत पहिलं नावही बदलतात. आत्याच्या मुलाला सासरचं पूर्ण नाव आणि केसपेपरवरचा नंबर विचार. घरात पत्र्याच्या ट्रंकेत एखादं कार्ड निघतं.

मधल्या आत्यालाही एक विचार. पिशवी कितव्या वर्षी काढली आणि सोबत अंडाशयं काढली का? हे फार जण सोडून देतात. तरुणपणी अंडाशयं निघाली असतील तर तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला नाही यावरून फारसं काही सिद्ध होत नाही, स्तनाच्या कॅन्सरचा अंदाजही बदलतो. "मला काही नाही" ही ओळ म्हणूनच अर्धवट आहे. निरोगी माणसांची वयं आणि ऑपरेशनंसुद्धा तक्त्यात हवीत.

काविळीबद्दलही. दारू न पिणारा माणूस पन्नाशीत काविळीने गेला तर मी विचारते: आधी वजन उतरलं होतं का, पाठीत-पोटात दुखायचं का, अंगाला खाज सुटायची का, शौचाचा रंग पांढुरका झाला होता का? स्वादुपिंडाच्या गाठीने पित्ताची वाट अडली की असं होतं, आणि तो कॅन्सरही या रांगेत येतो. पित्तनलिकेतल्या खड्यानेही असंच होतं, हेपटायटिस बी असू शकतो. सोनोग्राफी झाली असेल तर तेवढा कागद पुरेसा बोलतो.

मंजिरी_पाचपाखाडी

एक विचारू का? सुमन आत्या ही सख्खी आहे का? आजी १९६७ला गेली, तेव्हा घरात लहान मुलं होती. त्या काळी पुरुष बहुतेक दुसरं लग्न करायचे. आमच्या घरात "धाकटी आई" हा शब्द कधी कोणी उच्चारलाच नाही, मला ते पंचविसाव्या वर्षी रेशनकार्डावरून कळलं.

सायली_कोपरखैरणे

मंजिरी, तुम्ही कसं ओळखलंत? बाबांना विचारलं तर आधी गप्प बसले. आजोबांनी १९६८ला दुसरं लग्न केलं. सुमन आत्या त्या आजीची, १९७०ची. आम्ही कधी भेद केला नाही, म्हणून सांगितलं नाही म्हणाले. तिला ५१व्या वर्षी कॅन्सर झाला.

आत्ताचा तक्ता असा, बाबांची बाजू:

| क्र. | कोण | वडील, आई | जन्म | हयात / मृत्यू | काय, कितव्या वर्षी | कोणी सांगितलं |
|---|---|---|---|---|---|---|
| १-१ | आजोबा | – | अं. १९२२ | १९९१, अं. ६९ | दमा | आत्या |
| १-२ | आजी | – | अं. १९२८ | अं. १९६७, ३८ ते ४० | "पिशवीचा कॅन्सर". पोट फुगलं, दोनदा पाणी काढलं, रक्तस्राव नाही | आत्या, कागद नाही |
| १-३ | दुसरी आजी | – | अं. १९४५ | २०१५, अं. ७० | कॅन्सर नाही | बाबा |
| २-१ | थोरली आत्या | १-१, १-२ | अं. १९४६ | १९८५, अं. ३९ | स्तन, अं. ३७ | आत्या; मुलाची दहावी १९८३ |
| २-२ | मधली आत्या | १-१, १-२ | १९४९ | हयात | कॅन्सर नाही. ३८व्या वर्षी गर्भाशय काढलं, अंडाशयांचं माहीत नाही | स्वतः |
| २-३ | काका | १-१, १-२ | अं. १९५१ | २००४, अं. ५३ | "कावीळ", दारू नाही. बाकी चौकशी बाकी | आत्या |
| २-४ | बाबा | १-१, १-२ | १९५५ (१ जून) | हयात | प्रोस्टेटचं ऑपरेशन, रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही | रिपोर्ट पाहिला |
| २-५ | सुमन आत्या | १-१, १-३ | १९७० | हयात | स्तन, ५१ | स्वतः |
| ३-१ | ताई | २-४, आई | १९८३ | हयात | स्तन, ट्रिपल निगेटिव्ह, ४१ | रिपोर्ट |

आजीची दोन मुलं तान्हेपणीच गेली, ती पण लिहायची का? थोरल्या आत्याचं जन्मसाल असं काढलं की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ती मांडीवर होती.

नीलाताई_ठाणे

सायली, हा तक्ता काउन्सेलरच्या हातात गेला की त्यांचा अर्धा तास वाचेल.

तान्ही मुलंही लिही, क्रमांक देऊन "बालपणी मृत्यू, कारण माहीत नाही" एवढंच. आईच्या बाजूचेही असेच लिही. कॅन्सर नाही म्हणून ती पानं कोरी ठेवू नकोस. मावशी किती, हयात किती वर्षांच्या, कोणाची पिशवी काढली, हे हवंच. आणि आई-बाबांचं आपसात जुनं नातं आहे का, मामाची मुलगी वगैरे, तेही एका ओळीत.

मंजिरींच्या प्रश्नाने काय झालं बघ. सुमन आत्या सख्खी धरली असती तर आजीच्या रांगेत एक कॅन्सर जास्तीचा मोजला गेला असता. ती फक्त आजोबांकडून तुमची. बिघाड आजीकडून आला असेल तर सुमन आत्याचा कॅन्सर स्वतंत्रपणे झालेला असणार, ५१व्या वर्षी तसे होतात. पण आजोबांकडून आला असेल तर तिची ओळही या साखळीत येते. तू आजोबांचा क्रमांक लिहिलास म्हणून दोन्ही वाटा उघड्या राहिल्या. काउन्सेलर आजोबांच्या भावा-बहिणींचंही विचारतील. तेवढं आत्याकडून काढून ठेव.

वैशाली डोंबिवली

आत्याचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या सासऱ्यांच्या दोन बहिणी याच आजाराने गेल्या. माझ्या मुलीसाठी म्हणजे ते बघायला हवं?

नीलाताई_ठाणे

हो वैशाली. त्यांची वयं काढा, आणि आधी नवऱ्याच्या बाजूला कोणी आजारी आणि हयात आहे का बघा. टेस्ट शक्यतो ज्याला आजार झालाय त्याची आधी करतात. थेट मुलीची केली आणि निगेटिव्ह आली, तर मुलीला वारसा मिळाला नाही की घरात मुळात तो बिघाड नव्हताच, हे कळत नाही.

शिरीष_घोडबंदर

पण ताई, ग्रुपवर का नको ते सांगा ना. बिघाड निघाला तर त्या सगळ्या भावंडांना धोका आहे. लपवून त्यांचंच नुकसान.

सायली_कोपरखैरणे

इथे माझी खरी अडचण आहे. काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, म्हणाली, "आमच्या पपांचं काही लिहू नकोस." तिच्या मुलीचं लग्न जमवायचं चाललंय. काकांची सोनोग्राफी असली तर तिच्याकडेच.

नीलाताई_ठाणे

शिरीष, तक्ता भरणं आणि निकाल कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ता निकाल नाहीच. आत्ता ग्रुपवर गेलं तर फक्त "या घरात कॅन्सर आहे" एवढंच फिरेल. माहिती एकेकाला फोन करून घ्यावी, आणि दुसऱ्यांना दाखवायच्या प्रतीवर नावं नकोत, क्रमांक पुरे.

काकांची ओळ मात्र काढून टाकू नये असं मला वाटतं. सायलीला जे आत्याने सांगितलं ते तिचंही आहे, ताईच्या उपचाराचा प्रश्न आहे. चुलत बहिणीकडून कागद मागण्याचा आग्रह धरू नये.

शिरीष_घोडबंदर

मला नाही पटत. निकाल आल्यावर सांगायचंच आहे तर तोपर्यंत त्या मुलीचं लग्न होऊन जाईल. तिला स्वतःसाठी कळायला नको?

मंजिरी_पाचपाखाडी

तिला कळायला हवं, तिच्या सासरच्यांना नव्हे. आणि ते सायलीने सांगायचं की तिच्या आईने, हे मला पण सांगता येणार नाही. काउन्सेलरनाच विचारा, बिघाड सापडला तर नातेवाईकांना द्यायला पत्र देता का म्हणून.

सायली_कोपरखैरणे

विचारते. थोरल्या आत्याच्या मुलाने आज फोटो पाठवला. खरंच ट्रंकेत होतं, पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड. सासरचं नाव वेगळंच, आम्ही तिला त्या नावाने ओळखतच नव्हतो. डावा स्तन, इन्फिल्ट्रेटिंग डक्ट कार्सिनोमा, १९८३. पण वय ४० लिहिलंय. माझ्या हिशेबाने ३७. कुठलं धरू?

नीलाताई_ठाणे

दोन्ही लिही. "कार्डावर ४०, घरच्या हिशेबाने ३७." भरती करताना नवऱ्याने अंदाजाने सांगितलेलं वय असतं ते. ४० काय नि ३७ काय, ५०च्या आतच आहे, काउन्सेलरच्या निर्णयात फरक पडणार नाही. "कोणी सांगितलं" या रकान्यात आता "कार्ड पाहिलं" असं कर, आणि फोटोची प्रिंट तक्त्यामागे लाव. कार्डावरचा केस नंबर मात्र ठळक लिहून घे, फोटोत पुसट असेल तर आतेभावाकडून वाचून घे.

सायली_कोपरखैरणे

नंबर स्पष्ट आहे. काकांच्या ओळीत "पुढील माहिती घरच्यांनी दिली नाही" असं लिहू का?

नीलाताई_ठाणे

"उपलब्ध नाही" लिही. तेवढं पुरे.